गाठ मारलेली पिशवी आणि गाईचं पोट: चौकातलं कोंडाळं कसं बंद करायचं

फेब्रुवारी २०२१ मध्ये हरियाणातल्या फरिदाबादला एका गाभण गाईच्या पोटातून डॉक्टरांनी ७१ किलो कचरा काढला. त्यात बहुतेक प्लास्टिक होतं, शिवाय सुया, नाणी, काचेचे तुकडे. गाय वाचली नाही, वासरूही नाही. बातमी देशभर गाजली ती आकड्यामुळे. पण आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारलं तर वीस-तीस किलोच्या गोळ्याचं कुणाला नवल वाटत नाही. पोट उघडून काढलेला तो गोळा जवळून पाहिला की सगळ्यात आधी लक्ष जातं ते दुधाच्या पिशव्यांकडे. वर्षानुवर्षं पोटात राहूनही त्यांच्यावरची छपाई वाचता येते. त्यांच्याभोवती सुतळी, गोणपाटाचे धागे, चिंध्या आणि काळ्या पिशव्या पिळल्यासारख्या गुंडाळलेल्या असतात. काही पिशव्यांची तोंडं तर अजून गाठ मारलेलीच असतात.

ही गाठ हाच या लेखाचा विषय आहे. गाय प्लास्टिक खायला कोंडाळ्यावर जात नाही. ती जाते कालच्या भातासाठी, भाजीच्या देठांसाठी, पोळीच्या तुकड्यांसाठी. आपण ते सगळं पिशवीत भरून, वर दोन गाठी मारून तिच्यासमोर ठेवतो. गाठ सोडायला तिला हात नाहीत. म्हणून ओला कचरा आणि प्लास्टिक यांची गाठ पडू दिली नाही तर निम्म्याहून जास्त काम होतं. उरलेलं काम चौकातलं आणि गोठ्यातलं.

आत गेलेलं बाहेर का येत नाही

गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती जिभेने चाऱ्याचा वेढा घेते, ओढते, जेमतेम चावते आणि गिळते. नीट चावणं नंतर, रवंथ करताना. शेळी ओठांनी चाचपून निवडून खाते, तशी निवड गाईला जमत नाही. गवतातली तार किंवा खिळा ती सहज गिळते ते याच कारणाने.

गिळलेलं सगळं कोठीपोटात जातं. मोठ्या गाईचं कोठीपोट शंभर लिटरच्या वर धरतं. त्याच्या पुढे जाळीपोट आणि मग पडदेपोट. या दोघांमधली वाट इतकी अरुंद की काही मिलिमीटरपर्यंत बारीक झालेला चाराच पुढे सरकतो. चारा कुजतो, रवंथ होऊन बारीक होतो आणि निघून जातो. पिशवी कुजत नाही, रवंथ करताना तुटत नाही, आणि तरंगत असल्यामुळे वरच्या चाऱ्याच्या थरात अडकून राहते. कोठीपोट मिनिटाला एक-दोनदा आकुंचन पावून आतला माल घुसळत असतं. त्या घुसळण्यात पिशव्यांना दोऱ्या गुंडाळल्या जातात आणि हळूहळू घट्ट गोळा तयार होतो.

किती दिवसांत? साधा हिशोब करू. बाजारातली पातळ पिशवी पाचेक ग्रॅमची धरा. गाईने रोज चार पिशव्या गिळल्या तर २० ग्रॅम. वर्षाचे झाले ७ किलो ३०० ग्रॅम. काढलेला गोळा पोटातल्या पाण्याने आणि चाऱ्याने भिजलेला असतो, त्यामुळे वजनकाट्यावर तो कोरड्या प्लास्टिकपेक्षा बराच जास्त भरतो. म्हणजे वीस-तीस किलोचा गोळा व्हायला फार काही विलक्षण घडावं लागत नाही. एक भुकेली गाय, एक कोंडाळं आणि दोन वर्षं पुरतात.

गोळ्याने जागा अडवली की तेवढा चारा कमी बसतो. गाय पोट भरल्यासारखी दिसते आणि आतून उपाशी असते. मोकाट गाय गलेलठ्ठ दिसते म्हणून 'खाऊनपिऊन सुखी आहे' असं आपण म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा आपण तिच्या पोटातल्या पिशव्यांनाच तिची तब्येत समजत असतो.

सुरुवात ओट्याखालच्या डब्यापासून

ओल्या कचऱ्याच्या डब्यात प्लास्टिकची पिशवी घालायची नाही. यावर पहिली तक्रार येते ती डबा चिकट होण्याची. तळाशी वर्तमानपत्राचा दुहेरी कागद घाला, त्यावर आधी कोरडं काहीतरी टाका: लसणाची सालं, कांद्याचे पापुद्रे, शेंगांची टरफलं. आमटीचं पाणी गाळून मगच उरलेलं आत टाका. डब्यातला चिखल मुख्यतः या पाण्यामुळे होतो. डबा झाकणाचा हवा आणि तो थेट घंटागाडीत उपडा करायचा. कागदासकट गेला तरी चालतं.

पिशवीला पर्याय म्हणून 'कंपोस्टेबल' लिहिलेल्या हिरवट पिशव्या मिळतात. त्या खतप्रकल्पाच्या उष्णतेत, काही आठवड्यांत कुजण्यासाठी केलेल्या असतात. गाईचं पोट म्हणजे तो प्रकल्प नव्हे. कोंडाळ्यावर पडलेली अशी पिशवी गाईसाठी निर्धोक आहे असं मानू नका. 'बायोडिग्रेडेबल' एवढंच लिहिलेल्या पिशवीवर तर भरवसा ठेवूच नका.

सुक्या कचऱ्यातलं सगळंच प्लास्टिक गाईला सारखं ओढत नाही. तिला वास लागतो आणि खारट चव लागते. त्यामुळे दुधाची, दह्याची, तेलाची पिशवी, फरसाण आणि वेफर्सची पाकिटं, हॉटेलातून आलेली रश्शाची पिशवी, मटण-मासळीची पिशवी यांच्याकडे जास्त लक्ष द्या. या पिशव्या घोटभर पाण्यात विसळून, उलट्या टांगून वाळवा आणि मग सुक्यात टाका. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता राहू द्या. तो चिमुकला तुकडा भंगारात कुणी वेचत नाही, आणि तो थेट ओल्या कचऱ्यात पडतो. पिशवी मात्र स्वच्छ आणि अख्खी असेल तर कचरावेचक ती आनंदाने नेतात, कारण तिला भाव आहे. ज्या प्लास्टिकला भाव आहे ते रस्त्यावर राहत नाही.

ब्लेड, सुया, फुटलेली काच, तारेचे तुकडे वेगळ्या पत्र्याच्या किंवा जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवा. डबा भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करून गाडीवरच्या माणसाच्या हातात, काय आहे ते सांगून द्या. तार आणि सुई जाळीपोटात जाऊन बसतात आणि तिथून हृदय अगदी जवळ आहे. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची पुण्यातल्या कचरावेचकांनी पुढे आणलेली पद्धत कुठल्याही गावात चालेल. हे सामान कुत्री हमखास उचकटतात आणि त्यापाठोपाठ बाकीच्या पिशव्या फाटतात.

कुत्र्यांबद्दल आणखी एक. रुंद पोटाच्या, अरुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या बरणीत डोकं अडकलेलं कुत्रं तुम्ही कधी तरी पाहिलं असेल. बरणी टाकताना झाकण लावून टाका किंवा तळ कापून टाका, तो प्रश्न संपला. मांजा, सुतळी आणि मटण बांधून आलेला दोरा यांचे बोटभर तुकडे करा. लांब दोरा कुत्र्या-मांजरांच्या आतड्यात गेला तर आतडं त्यावर चुण्यांसारखं गोळा होतं आणि मग शस्त्रक्रियेशिवाय गत्यंतर नसतं.

एक कोंडाळं घेऊ

घरातलं सगळं नीट केलं तरी चौकातला ढीग तसाच राहतो, कारण तो ढीग 'बेशिस्त लोकांचा' नसतो. बहुतेक वेळा तो वेळेचा प्रश्न असतो. तालुक्याच्या गावातला एक नमुनेदार चौक घ्या. आसपास साठ घरं, एक वडापावची गाडी, दोन चहाच्या टपऱ्या, एक मटणाचं दुकान. घंटागाडी सकाळी नऊला येते. साठपैकी चाळीस घरं गाडीत कचरा देतात. उरलेल्या वीस घरांतली माणसं आठच्या आत कामाला बाहेर पडतात. ती जाताजाता पिशवी कोपऱ्यावर ठेवतात. घरामागे रोज साधारण सहाशे ग्रॅम ओला कचरा धरला तर १२ किलो झाला. वडापावच्या गाडीचे रात्री दहाला पाच-सहा किलो. म्हणजे रोज सतरा-अठरा किलो अन्न वीस-पंचवीस पिशव्यांत भरून त्या कोपऱ्यावर पडतं. तीन-चार गाई रोज त्याच वेळी तिथे हजर राहायला एवढं आमिष पुरेसं आहे. गुरं घड्याळाला पक्की असतात. ती पहाटे साडेपाच-सहाला येतात आणि गाडी नऊला. मधले तीन तास सगळा घोटाळा करतात.

*आधी नुसतं बघा.* आठवडाभर पहाटे, दुपारी आणि रात्री कोपऱ्यावर नजर ठेवा. कोण टाकतं, किती वाजता, काय टाकतं, गुरं केव्हा येतात, एवढंच वहीत लिहा. कुणाशी भांडू नका, फोटो काढून व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. फोटो फिरला की माणूस टाकणं थांबवत नाही, फक्त रात्री उशिरा टाकायला लागतो. आठवड्याच्या शेवटी बहुधा असं दिसतं की निम्म्याहून जास्त कचरा चार-पाच ठिकाणांहून येतो.

*गाडीचा क्रम बदलून घ्या.* नगरपरिषदेच्या आरोग्य विभागाकडे किंवा वॉर्डाच्या मुकादमाकडे ती वही घेऊन जा. नवी गाडी मागू नका, नवा माणूसही मागू नका. गाडीच्या फेरीत हा चौक पहिला घ्यायला सांगा: साडेसहा ते सात. याला पैसे लागत नाहीत, म्हणून याला नकार देणं अवघड जातं. वीसपैकी बारा-पंधरा घरं एवढ्यानेच गाडीत कचरा द्यायला लागतात. उरलेल्या पाच-सात घरांचे डबे शेजाऱ्यांकडे ठेवायची सोय करा. घर बंद असलं तरी बाहेर झाकणाचा डबा ठेवला आणि गाडीवाल्याने तो उपडा करून परत ठेवला, इतकं साधं गणित आहे. तेवढं करायला तो तयार होतो, फक्त डब्यात पिशवी नसावी आणि सुका कचरा वेगळा लटकवलेला असावा.

*वडापाव आणि चहावाल्यांशी वेगळं बोला.* त्यांचा कचरा रात्री निघतो आणि त्यांना तो रात्रभर गाडीपाशी ठेवायचा नसतो. पन्नास लिटरचा झाकणवाला ड्रम, कडीला साखळी, साखळी विजेच्या खांबाला नको, वडापावच्या गाडीच्याच चाकाला. सकाळी पहिल्या फेरीत तो रिकामा होतो. चहाच्या चोथ्यात पेपर कप मिसळू देऊ नका, कारण त्या कपांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो आणि साखरेचा वास गुरांना ओढतो. मटणवाल्याचा कचरा यात आणूच नका, त्याची स्वतंत्र उचल हवी. त्याच्यामुळे कुत्र्यांची टोळी जमते आणि कुत्री बाकीच्या पिशव्या फाडतात.

*कुंडी ठेवायचीच असेल तर गाईच्या हिशोबाने ठेवा.* नगरपालिकेच्या चाकांच्या हिरव्या-निळ्या कुंड्या गाय डोक्याने ढकलून पाडते. छातीइतकी उंच कड असली तरी ती मान वर करून आत तोंड घालते, त्यामुळे उंची वाढवून उपयोग नाही. झाकणच हवं, आणि ते आपल्या वजनाने बंद होणारं हवं. लोखंडी अँगलच्या चौकटीत कुंडी बसवून चौकट जमिनीत काँक्रीटने पक्की करा आणि झाकणाला पिनेची कडी लावा. कडी माणसाच्या बोटांना सोपी आणि गाईच्या नाकाला अवघड असली पाहिजे. दर आठवड्याला झाकण बंद होतं का ते हाताने बघा, कारण बिजागरी गंजली की झाकण उघडंच राहतं आणि मग चौकटीचा उपयोग शून्य.

*मग तीन आठवडे राखण.* कोपरा धुऊन घ्या, चुना टाका, रांगोळी काढा, कुंड्या ठेवा, जे जमेल ते. पण खरं काम राखणीचं आहे. रात्रीतून एक पिशवी पडली तर ती उजाडायच्या आत उचला. एक पिशवी दिसली की दुसरा माणूस तिथेच दुसरी ठेवतो. या काळात काही जण कचऱ्यावर फिनेल, रॉकेल किंवा कीटकनाशक ओततात, म्हणजे गुरं तोंड लावणार नाहीत म्हणून. हे अजिबात करू नका. भुकेलं जनावर तरीही खातं, आणि विषबाधा होते.

फसतं कुठे? सगळ्यात जास्त वेळा असं होतं की पर्याय न देता कुंडी उचलली जाते. मग ढीग नाहीसा होत नाही, दोनशे मीटरवर सरकतो, आणि गुरंही सरकतात. म्हणून महिनाभर आसपासचे चारही कोपरे बघत राहा. दुसरं फसणं गाडीत. घरोघरी ओला-सुका वेगळा घेऊन गाडीत एकत्र ओतला गेला तर लोक आठवड्यात वर्गीकरण सोडतात. गाडीत मधे पत्र्याचा आडवा पडदा आहे का आणि दोन्ही बाजूंना वेगळं पडतं का, एवढं गाडी थांबली की डोकावून पाहा.

आणि गाडी शेवटी कुठे रिकामी होते तेही पाहा. डेपोला कुंपण नसेल तर गावातली गुरं तिथे जमतात. तिथे तर गावभरच्या पिशव्या एकाच ठिकाणी मिळतात. भिंत किंवा जाळी, बंद होणारं फाटक, आणि आज आलेल्या ओल्या कचऱ्याची रास आजच्या आज जुन्या खताच्या थराने झाकणं, हे तीन करून घ्या. वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेने रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना डम्पिंग ग्राउंडचं रूप पालटून तिथे कचरा वेगवेगळ्या प्रकारांत विभागायला सुरुवात केली: ओल्यापासून बायोगॅस आणि खत, प्लास्टिकचा वापर रस्त्यात. तिथे बघायला लोक जायला लागले. पर्यटनाचा भाग बाजूला ठेवू. गुरांच्या दृष्टीने महत्त्वाचं असं की जिथे अन्न उघड्यावर पडत नाही तिथे ती उभीच राहत नाहीत.

महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड ठरला. बाजाराच्या दिवशी पिशव्या किती खुलेआम मिळतात ते सगळ्यांना माहीत आहे. बंदीचा उपयोग आहे, पातळ पिशवी कमी झाली की अन्नाला बांधायचं साधन कमी होतं. पण दुधाच्या, तेलाच्या, वेफर्सच्या पिशव्या बंदीने जात नाहीत, आणि गोळ्यात त्याच जास्त सापडतात.

गोग्रासाबद्दल

जेवणाआधी गाईसाठी घास काढून ठेवायची रीत घरोघरी आहे, आणि तो घास हल्ली कॅरीबॅगेत घालून कोपऱ्यावर ठेवला जातो. श्रावणात, पितृपक्षात, लग्नसराईत हे प्रमाण वाढतं. पिशवी काढून टाकली तरी एक अडचण राहते: शिजवलेलं अन्न. भात, पोळी, पुरणपोळी, जिलबी यांतला स्टार्च आणि साखर कोठीपोटात भरभर आंबते, आम्ल वाढतं आणि गाय आजारी पडते. कार्यालयातून उरलेला भाताचा टोप गाईपुढे ओतणं म्हणजे तिला एका रात्रीत आजारी पाडणं. आम्लता तीव्र झाली तर जनावर दगावतंही.

घास द्यायचाच असेल तर हाताने, पिशवीशिवाय, पालेभाजीचे देठ, काकडी-गाजराची सालं, मेथीची काडी, मूठभर. आंब्याची कोय, अख्खा बटाटा, अख्खं बीट देऊ नका, घशात अडकतं. कुजलेलं, बुरशी आलेलं तर नाहीच. सर्वांत चांगला गोग्रास म्हणजे गोठ्यात पोचवलेली हिरव्या चाऱ्याची पेंढी. गावात गोशाळा किंवा गोठा असेल तर चौकात 'इथे भाकरी ठेवू नये, चारा अमुक ठिकाणी द्यावा' अशी पाटी लावा. नुसतं 'कचरा टाकू नये' लिहिलेल्या पाटीपेक्षा ही जास्त पाळली जाते, कारण हिच्यात मनाई आहे आणि पर्यायही आहे.

२०१९ मध्ये गोव्याचे त्या वेळचे कचरा व्यवस्थापन मंत्री मायकल लोबो यांनी सांगितलं होतं की कळंगुटच्या रस्त्यांवरून गोशाळेत नेलेली गुरं गवत-चारा खाईनात, कारण त्यांना हॉटेलच्या उरलेल्या चिकन-मासळीची सवय लागली होती. लोक हसले. पण कोंडाळ्यावर वाढलेल्या गुराला चाऱ्यावर परत आणायला वेळ आणि धीर लागतो, हे त्यातून कळतं.

मालकाला कसं गाठायचं

शहरात 'मोकाट' म्हणतो त्यातल्या बऱ्याच गाईंना मालक असतो. सकाळी धार काढून तो तिला सोडतो, संध्याकाळी ती आपोआप घरी येते. चाऱ्याचा खर्च वाचतो. कानात बारा अंकी बिल्ला असेल तर मालकाचा पत्ता पशुसंवर्धन विभागाच्या दवाखान्यातून लागू शकतो. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीवर बंदी आहे.

मालकाकडे जाताना उपदेश घेऊन जाऊ नका, हिशोब घेऊन जा. तीनशे-चारशे किलोच्या गाईला दिवसाला पंधरा-वीस किलो हिरवा आणि पाच-सहा किलो वाळला चारा लागतो. हा खर्च नको म्हणून तो गाय सोडतो. पण गोळा तयार झाल्यावर दूध कमी होतं, गाय वारंवार फुगते, शेवटी विकली जात नाही. जनावर बांधून ठेवायला तो तयार नसेल तर निदान पहाटे घराबाहेर सोडण्याआधी पेंढीभर कडबा घालायला सांगा. भरल्या पोटाची गाय कोंडाळ्यावर कमी रेंगाळते.

गोठ्यात बांधलेली, चारा मिळणारी गाय तरीही चिंध्या, प्लास्टिक, हाडं चघळत असेल तर तिच्या खाण्यात फॉस्फरस आणि मीठ कमी पडतंय अशी शक्यता धरा. डॉक्टरांच्या सल्ल्याने जंताचं औषध, रोज पन्नास ग्रॅमच्या आसपास खनिज मिश्रण आणि चाटायला मिठाची वीट. काही आठवड्यांत चघळणं थांबतं.

आजारी गाय ओळखणं

सुरुवातीला लक्षणं सौम्य असतात: चारा अर्धवट सोडणं, दूध हळूहळू उतरणं, शेण थोडं आणि कधी चिकट. मग डाव्या बाजूला वारंवार फुगणं, औषधाने उतरणं आणि पंधरा दिवसांनी परत फुगणं. असं परत परत फुगणं दिसलं की प्लास्टिकचा संशय घ्यावा. गाईच्या डाव्या कुशीतल्या खळग्यात मूठ दाबून ठेवा आणि घड्याळ पाहा. निरोगी गाईत दोन मिनिटांत दोन-चार वेळा मूठ आतून उचलली गेल्यासारखी जाणवते. गोळा असलेल्या गाईत हा धक्का मंद किंवा विरळ होतो आणि दाबल्यावर आत मळलेल्या कणकेसारखं लागतं. निरोगी गाय दिवसाचे सहा-आठ तास रवंथ करते, ते कमी झालं का ते मालकच सांगू शकतो.

वेगळं आणि तातडीचं लक्षण: गळ्याखाली, छातीपुढे सूज, मानेची शीर फुगलेली, उतारावरून उतरायला टाळाटाळ, कोपरं बाहेर काढून उभं राहणं. हे तारेचं किंवा खिळ्याचं लक्षण असू शकतं. इथे एक दिवसही थांबू नका.

पोट गच्च फुगलं असेल आणि श्वासाला त्रास होत असेल तर पुढचे पाय उंचवट्यावर येतील असं उभं करा, बसू देऊ नका आणि १९६२ वर फोन करा. हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा विनामूल्य क्रमांक आहे. तोंडातून किंवा शेणमार्गातून प्लास्टिक लोंबत असेल तर ओढू नका, आतलं टोक कशात गुंतलंय ते दिसत नाही. तेल पाजल्याने, जुलाब दिल्याने साचलेलं प्लास्टिक पडत नाही. लोहचुंबक पोटात सोडतात ते खिळ्या-तारांसाठी, प्लास्टिकला ते निरुपयोगी.

पोट उघडल्यावर

इलाज एकच, कोठीपोट उघडून हाताने गोळा काढणं. गाय उभी असतानाच, डाव्या कुशीत जागा बधिर करून, चीर देऊन हे करतात. कोठीपोटाची कड चामडीला टाचून घेतात, म्हणजे आतला माल उदरात सांडत नाही. आदल्या दिवशी चारा बंद ठेवतात. डॉक्टर कोपरापर्यंत हात आत घालून गोळा सुटा करत बाहेर घेतात, आणि मग जाळीपोट चाचपून तार-खिळा राहिलाय का ते बघतात. गाय फार खंगली असेल, गाभण शेवटच्या महिन्यांत असेल किंवा तार हृदयापर्यंत पोचली असेल तर डॉक्टर नको म्हणतात, आणि ते ऐकावं.

नंतर पहिले काही दिवस मऊ हिरवा चारा थोडा थोडा, पाणी भरपूर. बरेच डॉक्टर निरोगी गाईच्या कोठीपोटातला रस पाजतात, कारण आजारी पोटातले चारा आंबवणारे जीवाणू कमी झालेले असतात. टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात, तोवर गाय चिखलात बसणार नाही आणि जखमेवर माशी बसणार नाही अशी जागा हवी. रवंथ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसायला लागते, दूध यायला आठवडे लागतात. आणि टाके निघाल्यावर ती परत सकाळी सोडली गेली तर गोळा पुन्हा पहिल्या पिशवीपासून सुरू होतो. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या आधीच मालकाकडून निदान दोन महिने बांधून ठेवायचं कबूल करून घ्यावं, आणि तेवढ्या दिवसांचा चारा कुठून येणार ते त्याच बैठकीत ठरवावं.